साठा आणि ऑर्डरची माहिती तासभर जुनी का दिसत होती: मंगळवारच्या घटनेचा अहवाल

मंगळवारी सकाळी १०:४२ ते ११:४३ या वेळात आमच्या एपीआयने साठा आणि ऑर्डरच्या स्थितीबद्दल जुनी उत्तरं दिली. चूक आमच्या कॅशिंगच्या सेटिंगमध्ये होती. त्या आकड्यांवर विसंबून काहींनी शिल्लक नसलेला माल विकला. त्याबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो.

उत्पादनांची वर्णनं क्वचितच बदलतात, म्हणून ती तासभर कॅशमध्ये ठेवण्याचा नियम आम्ही लावत होतो. तो फक्त `/v2/catalog/*` साठी होता, पण लावताना `/v2/*` असा गेला. परिणामी, एरवी `no-store` असणाऱ्या साठा आणि ऑर्डरच्या उत्तरांवरही हा हेडर लागला:

```
Cache-Control: public, s-maxage=3600
```

आम्हाला हे उशिरा कळलं. सगळी उत्तरं `200` कोडने आणि नेहमीपेक्षा लवकर जात होती, त्यामुळे एकही अलार्म वाजला नाही. ११:१९ ला एका ग्राहकाने दोन नोंदी शेजारी ठेवून पाठवल्या: वेबहुकमध्ये साठा ०, एपीआयच्या उत्तरात १४. त्याच उत्तरात `Age: 1987` होतं, म्हणजे ते ३३ मिनिटं जुनं होतं. तिथून कारण लगेच सापडलं. ११:३१ ला नियम मागे घेतला. पण आधी साठलेली उत्तरं त्याने जात नाहीत, ती सर्व सर्व्हरवरून पुसून व्हायला ११:४३ वाजले.

एकाची माहिती दुसऱ्याला दिसली का, हा प्रश्न आम्ही सर्वांत आधी तपासला. तसं झालेलं नाही. कॅशच्या की मध्ये खात्याचा क्रमांक असतो, आणि त्या वेळातल्या लॉगमध्येही एका खात्याचं उत्तर दुसऱ्याला गेल्याची नोंद नाही.

तुम्ही पाठवलेल्या नव्या ऑर्डर आणि बदल थेट डेटाबेसमध्ये गेले, काहीही हरवलेलं नाही. अडचण वेगळीच आहे: ऑर्डर टाकल्यावर ती यादीत दिसली नाही म्हणून तुमच्या सिस्टिमने ती पुन्हा पाठवली असेल, तर दुहेरी ऑर्डर तयार झाली असू शकते. `Idempotency-Key` तीच ठेवून पाठवली असेल तर काळजी नाही. बाकीच्यांनी त्या तासातल्या ऑर्डर कृपया एकदा तपासाव्यात. तुम्ही आमची उत्तरं स्वतःच्या कॅशमध्ये ठेवत असाल, तर तीही रिकामी करा.

आता साठा आणि ऑर्डरच्या उत्तरांचा `no-store` सर्व्हरच्या कोडमध्येच पक्का केला आहे आणि कॅशचे नियम तो बदलू शकत नाहीत. शिवाय दर मिनिटाला एक चाचणी साठा बदलून लगेच वाचते. जुना आकडा आला तर ड्युटीवरच्या इंजिनिअरला फोन जातो.

त्या तासातल्या दुहेरी किंवा जादा ऑर्डर रद्द करण्याचं शुल्क आम्ही घेणार नाही. या ईमेलला उत्तर म्हणून ऑर्डर क्रमांक पाठवा, त्या आम्हीच रद्द करून देऊ.