विषय : १२ टन सुक्या मिरचीसाठी लेटर ऑफ क्रेडिट उघडण्याबाबत

नागपूर, ५ जानेवारी २०२६

प्रिय संजयभाऊ,
सप्रेम नमस्कार.

सॅम्पल पसंत पडल्याचं फोनवर कळलं, बरं वाटलं. प्रोफॉर्मा इनव्हॉइस सोबत जोडला आहे : देठ काढलेली सुकी लाल मिरची, भिवापुरी, २५ किलोच्या ज्यूटच्या पोत्यांत, १२ मेट्रिक टन, दर टनाला २,६५० डॉलर, सीआयएफ जेबेल अली, इन्कोटर्म्स २०२०. एकूण ३१,८०० डॉलर. तो इंग्रजीत आहे कारण तो तुमच्या बँकेत जाणार. अटींमागची कारणं मात्र मराठीतच लिहितो, म्हणजे बँकेच्या काउंटरवर कुणी "हे कशाला?" विचारलं तर उत्तर तुमच्याजवळ असेल.

आधी तुमच्या प्रस्तावाबद्दल. ३० टक्के ॲडव्हान्स आणि बाकीचे डीएवर ६० दिवसांनी, हे मला जमणार नाही. तुमच्यावर अविश्वास नाही, पण कळमन्याचा अडत्या ६० दिवस थांबत नाही आणि शेतकरी तर त्याहून कमी. एलसी हातात असली की माझी बँक तिच्यावर पॅकिंग क्रेडिट देते आणि मी जानेवारीतच चांगला माल उचलू शकतो. म्हणून एलसी १९ जानेवारीपर्यंत इकडे पोचावी. उशीर झाला तर या भावाचा माल मिळेलच असं मी सांगू शकत नाही.

एलसी अपरिवर्तनीय, साइटवर देय आणि यूसीपी ६०० प्रमाणे हवी. तुमच्या बँकेच्या फॉर्ममध्ये मुख्य रकाने असे भरायला सांगा :

```
40A: IRREVOCABLE
40E: UCP LATEST VERSION
31D: 260313 INDIA
32B: USD31800,
39A: 05/05
41D: ANY BANK IN INDIA BY NEGOTIATION
42C: SIGHT
43P: NOT ALLOWED
43T: ALLOWED
44E: NHAVA SHEVA
44F: JEBEL ALI
44C: 260220
48: 21
49: WITHOUT
```

यातल्या काही ओळींवर अडून बसणार आहे, त्या सांगतो.

पहिली 31D. मुदत संपण्याचं ठिकाण भारत असलं पाहिजे. दुबई लिहिलं तर १३ मार्चच्या आत कागद तिकडे पोचवण्याची जोखीम माझ्यावर येते, आणि कुरियर अडकलं की माझे पैसे अडकले. तारीखही विचार करून धरली आहे. २० फेब्रुवारीला जहाजावर माल, त्यानंतर २१ दिवस म्हणजे १३ मार्च, शुक्रवार. त्यापुढच्या आठवड्यात इकडे पाडवा, तिकडे ईद; दोन्हीकडे बँकांचं काम मंदावतं. तुम्हाला वाटेल २० फेब्रुवारी लांब आहे, पण कंटेनर नागपूरच्या आयसीडीवरून रेल्वेनं न्हावा शेव्याला जाणार आणि रेक वेळेवर निघेलच असं नाही. बिल ऑफ लेडिंगवर माल नागपुरात ताब्यात घेतल्याची नोंद असेल. बँक मात्र धरते ती जहाजावर चढल्याची तारीख. ती तारीख, जहाजाचं नाव आणि बंदर शिपिंग लाइनकडून लिहून घेणं माझं काम.

दुसरी गोष्ट वजनाची. 39A मधली पाच टक्क्यांची सवलत फक्त रकमेला लागते. मालाच्या वर्णनात, म्हणजे 45A मध्ये, नगाची नाही तर वजनाची सवलत वेगळी लिहायची : १२ मेट्रिक टन, पाच टक्के कमी किंवा जास्त. "४८० पोती" असं नुसतं कुणी टाइप केलं तर घोळ होतो. यूसीपीच्या कलम ३० मध्ये पाच टक्क्यांची आपोआप मिळणारी मुभा नग मोजून लिहिलेल्या मालाला मिळत नाही. मिरची वाळते, वजन हलतं. नागपूरच्या काट्यावर भरताना जे उतरेल त्याचंच बिल होईल.

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि यात मी एकदा पोळलो आहे. एका ग्राहकाच्या एलसीत देठाबद्दलचा मजकूर वेगळ्या शब्दांत होता, आणि आमच्या पोरानं इनव्हॉइसवर आपल्याच सवयीचे शब्द टाकले. माल तोच, अर्थ तोच. तरी बँकेनं विसंगती काढली, फी कापली आणि पैसे तीन आठवडे लांबले. चूक आमची होती. म्हणून वर्णन प्रोफॉर्मावरून अक्षर न बदलता उतरवा, आमच्या फर्मचं नाव-पत्ता आणि ॲडव्हायझिंग बँकेचा कोडसुद्धा तिथलाच घ्या.

कागदपत्रं एवढीच मागा : सही केलेला इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, इश्यू करणाऱ्या बँकेच्या ऑर्डरवरचे तिन्ही मूळ स्वच्छ बिल ऑफ लेडिंग, सीआयएफ किमतीच्या ११० टक्क्यांची विमा पॉलिसी, फायटोसॅनिटरी आणि फ्युमिगेशनचे दाखले, आणि उगमाचा दाखला. उगमाचा दाखला भारत-यूएई सेपा कराराखालचा मागा. तो करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि ड्यूटीत सवलत मिळाली तर ती तुमच्याच खिशात जाते. अफ्लाटॉक्सिनचा लॅब रिपोर्ट मी पाठवीनच. पण तो एलसीत टाकू नका. एलसीत टाकलेला प्रत्येक जास्तीचा कागद म्हणजे अडकायची एक जास्तीची जागा.

त्याच कारणानं एक अट मी मान्य करणार नाही : "अर्जदारानं सही केलेला तपासणी दाखला". तुमच्या सहीवाचून मला पैसे मिळत नसतील तर एलसीचा अर्थच उरला नाही. तुम्हाला माल बघायचा असेल तर भरण्याच्या दिवशी माणूस पाठवा, चहा मी पाजतो. त्रयस्थ तपासणी हवी असेल तर संस्था आत्ताच ठरवू. खर्च तुमचा.

बँकांच्या खर्चाचं सरळ आहे : यूएईमधले चार्जेस तुमचे, बाहेरचे माझे. कन्फर्मेशन मागत नाही, कारण तुम्ही जी बँक सांगितली ती माझ्या बँकेला चालते. बँक बदलणार असाल तर आधी कळवा, मग कदाचित मागावं लागेल.

शेवटी एक विनंती, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. एलसी पक्की पाठवण्याआधी तिचा मसुदा मला व्हॉट्सॲपवर पाठवा. मी आणि आमच्या बँकेतले फॉरेक्सचे साहेब एका दिवसात वाचून उत्तर देऊ. एकदा उघडल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा फी, पुन्हा चार दिवस, शिवाय तुमची बँक आणि मी दोघांची संमती.

दर १९ जानेवारीपर्यंत बांधलेला आहे. मसुदा गुरुवारपर्यंत आला तर मी शुक्रवारी सकाळीच कळमन्याला बोलून घेतो.

वहिनींना नमस्कार सांगा. संत्र्याची पेटी येत्या शनिवारी येणाऱ्या तुमच्या भाच्याबरोबर देतो, ती एलसीच्या बाहेरची आहे.

आपला,
नितीन