जोसेफ सॅक्स यांचा पब्लिक ट्रस्ट डॉक्ट्रिनवरील लेख : सेमिनार पेपरसाठी सारांश

तुझा कच्चा मसुदा वाचला. विषय चांगला निवडला आहेस, पण दुसऱ्या भागात सॅक्स काय म्हणतात, त्यांनी आधाराला घेतलेले निकाल काय म्हणतात आणि आपलं सर्वोच्च न्यायालय काय म्हणतं हे सगळं एकाच परिच्छेदात मिसळलं आहे. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील. म्हणून लेखाचा सारांश वेगवेगळ्या कप्प्यांत लिहून देतो. मूळ लेख १९७० सालच्या मिशिगन लॉ रिव्ह्यूच्या अडुसष्टाव्या खंडात, पान ४७१ पासून आहे. जवळजवळ शंभर पानं आहेत, तरीही पहिली पन्नास तरी स्वतः वाच.

लेखकाचं म्हणणं

सॅक्स मिशिगन विद्यापीठात कायदा शिकवत होते. लेख आला तेव्हा अमेरिकेत पर्यावरणाचे आजचे मोठे कायदे नुकते आकार घेत होते. सामान्य नागरिकाला कोर्टात जाऊन सरकारला अडवता येईल असं जुन्या कायद्यात काय सापडतं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. अशा हत्याराकडून त्यांच्या तीन अपेक्षा आहेत. त्यात सर्वसामान्य जनतेच्या हक्काची कल्पना हवी, तो हक्क सरकारविरुद्ध बजावता यायला हवा आणि आजच्या पर्यावरणाच्या काळजीशी त्याचा मेळ बसायला हवा. या तिन्ही कसोट्यांवर त्यांना एकच तत्त्व टिकेल असं वाटतं, ते म्हणजे पब्लिक ट्रस्ट, काही साधनं सरकारने जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळायची असतात हे तत्त्व.

आता तुझ्या मसुद्यातली मुख्य गफलत. तू लिहिलंस की सॅक्स यांच्या मते सरकारवर तीन बंधनं आहेत : मालमत्ता सार्वजनिक कामासाठी वापरायचीच, शिवाय ती लोकांच्या वापरासाठी खुली ठेवायची, योग्य किंमत मिळाली तरी विकायची नाही, आणि ठरावीक प्रकारच्या वापरासाठीच राखायची. ही बंधनं लेखात आहेत, पान ४७७ वर. पण वाक्याची सुरुवात नीट बघ. पब्लिक ट्रस्टमुळे अशी तीन बंधनं येतात असं सहसा मानलं जातं, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. सॅक्स तिथे प्रचलित समज मांडतात आणि पुढची कित्येक पानं तो तपासण्यात घालवतात. विक्रीवर सरसकट बंदी असावी, असं त्यांचं मत नाही. सरकारला साधनांचं फेरवाटप कधीच करता आलं नाही तर राज्य चालणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

त्यांचं स्वतःचं विधान पान ४९० च्या आसपास येतं, आणि माझ्या मते संपूर्ण लेख त्यावर उभा आहे. एखादं साधन लोकांच्या मुक्त वापरासाठी असेल आणि सरकार ते मोजक्यांच्या वापरासाठी वळवत असेल, किंवा लोकांचा वापर खासगी हितसंबंधांच्या हाती देत असेल, तर न्यायालयाने त्या कृतीकडे चांगल्याच संशयाने पाहावं, असा त्याचा आशय. संशयाने पाहावं म्हणजे रद्द करावं असं नव्हे. फरक इथेच आहे.

संशय का? सॅक्स यांचं उत्तर मला आजही पटतं. समुद्रकिनारा, तळं, रान यांचा उपभोग हजारो लोक थोडाथोडा घेतात. त्यातल्या कुणालाच एकट्याने लढायला परवडत नाही. दुसऱ्या बाजूला ती जागा हवी असलेला एकच असतो. त्याच्याकडे पैसा, वकील आणि चिकाटी तिन्ही असतात आणि मंत्रालयाच्या पायऱ्या तो रोज चढू शकतो. अशा वेळी विखुरलेले लोक हरतात. न्यायालयाने मध्ये पडून प्रश्न उघड्यावर आणावा, विधिमंडळाला स्पष्ट बोलायला लावावं, ही त्यांची कल्पना. पुढे ते असंही म्हणतात की पब्लिक ट्रस्टला स्वतःचा असा वेगळा आशय नाही, लोकशाही प्रक्रियेतल्या उणिवांबद्दल न्यायालयांना जी काळजी वाटते तिला दिलेलं हे नाव आहे. पेपरमध्ये हे वाक्य आलंच पाहिजे, कारण पुढची बरीचशी टीका यालाच धरून होते.

सॅक्स यांनी घेतलेले आधार

रोमन सम्राट जस्टिनियनच्या 'इन्स्टिट्यूट्स'मधलं हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि किनारे सर्वांचे, हे वचन सगळे देतात. तूही दिलंस. पण सॅक्स त्यावर फारसा भार टाकत नाहीत. रोमन काळात सामान्य माणूस हा हक्क राज्याविरुद्ध बजावू शकत होता का, हे स्पष्ट नाही, असं ते सांगतात. इंग्लंडमध्ये राजावर बंधन होतं तरी संसदेला लोकांचे हक्क कमी-जास्त करता येत होते. तेव्हा इतिहास हा त्यांच्यासाठी फक्त बीज आहे. 'सॅक्स रोमन कायद्यावर सिद्धान्त उभा करतात' हे वाक्य खोडून टाक.

भार आहे तो अमेरिकन निकालांवर. पहिला इलिनॉय सेंट्रल रेलरोड, १८९२. इलिनॉय राज्याने १८६९ मध्ये शिकागोसमोरच्या मिशिगन सरोवराच्या तळाची हजार एकरांहून जास्त जमीन एका रेल्वे कंपनीला दिली आणि १८७३ मध्ये ते दान मागे घेतलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मागे घेणं योग्य ठरवलं. सॅक्स याला या विषयातला दिशादर्शक निकाल मानतात, पण लगेच मर्यादाही दाखवतात : न्यायालयाने खासगी हातात जमीन देण्यावर संपूर्ण बंदी घातली नाही, एका शहराच्या साऱ्या किनाऱ्यावरचा ताबाच सोडून देण्याला नकार दिला.

मॅसॅच्युसेट्सचा गूल्ड निकाल, १९६६, त्यांचा आवडता दिसतो. हा नीट वाच. माउंट ग्रेलॉक हा राज्यातला सर्वांत उंच डोंगर, लोकांसाठी राखलेला. तिथे ट्रॅमवेसाठी एक प्राधिकरण स्थापन झालं. त्याने राखीव जमिनीपैकी चार हजार एकर भाड्याने घेतली आणि एका व्यवस्थापन कंपनीशी करार करून स्कीइंगचं केंद्र काढण्याची योजना आखली. नफ्यात कंपनीला वाटा होता. रहिवासी कोर्टात गेले. न्यायालयाने स्कीइंग वाईट म्हटलं नाही की डोंगर पवित्रही म्हटला नाही. लोकांची जागा अशा व्यापारी कामाला द्यायचा अधिकार कायद्यात स्पष्ट शब्दांत दिसत नाही, म्हणून भाडेपट्टा आणि करार टिकत नाहीत, एवढंच म्हटलं. विधिमंडळाला हवं असेल तर त्याने उघडपणे तसं सांगावं. सॅक्स यांना जी न्यायालयीन पद्धत हवी आहे तिचा हा नमुना. त्यानंतरचा सॅको निकाल, १९६७, एका तळ्यात महामार्गासाठी भराव घालण्याबद्दलचा आहे, धागा तोच.

विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियाचे निकाल लेखात विस्ताराने आहेत. तुझ्या पेपरला त्यांचा एक परिच्छेद पुरे.

कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक या सरोवराबद्दलचा निकाल या कप्प्यात टाकू नकोस. तो १९८३ सालचा, लेखानंतर तेरा वर्षांनी आलेला. सॅक्स त्याचा आधार घेऊच शकत नव्हते.

टीका

सर्वांत धारदार टीका रिचर्ड लाझारस यांची, १९८६ सालची, आयोवा लॉ रिव्ह्यूमध्ये. लाझारस पर्यावरणाचे विरोधक नाहीत, म्हणूनच त्यांचं म्हणणं गांभीर्याने घ्यावं लागतं. त्यांचा मुद्दा असा : १९७० मध्ये दाद मागण्याचा हक्क मर्यादित होता, सरकारच्या नियमन-अधिकाराबद्दल शंका होत्या, प्रशासनाचे निर्णय न्यायालयं क्वचित तपासत. पुढच्या पंधरा वर्षांत हे सगळं बदललं. मग मालकी आणि विश्वस्ताची जुनी भाषा कशाला ओढत बसायचं? ती कल्पित भाषा खऱ्या धोरणात्मक प्रश्नांवर पांघरूण घालते, असं त्यांना वाटतं.

जेम्स हफमन वेगळ्या बाजूने येतात. १९८९ च्या त्यांच्या लेखात खासगी मालमत्तेची बाजू आहे : पब्लिक ट्रस्ट मुळात मर्यादित स्वरूपाचा हक्क, तो पसरवत नेला तर नुकसानभरपाई न देता मालकी हिरावली जाते. या दोघांना एका वाक्यात कोंबू नकोस. लाझारस म्हणतात तत्त्वाची गरज उरली नाही, हफमन म्हणतात तत्त्व मर्यादा ओलांडतं. कॅरल रोझ यांचा १९८६ चा लेख टीकेत घालू नकोस. सर्वांनी वापरल्याने काही जागांचं मोल वाढतं, असं दाखवून त्या सार्वजनिक हक्काला वेगळा पाया देतात.

सॅक्स स्वतःही थांबले नाहीत. १९८० मध्ये त्यांनी या तत्त्वाला इतिहासाच्या बेड्यांतून सोडवायला हवं, असा लेख लिहिला आणि लोकांच्या रास्त अपेक्षांवर भर दिला. तो तुझ्या 'पुढचा विकास' या भागात घाल.

भारत आणि आपला गोवा

एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १३ डिसेंबर १९९६ चा. बियास नदीचा प्रवाह एका मोटेलसाठी वळवण्याचं ते प्रकरण. न्यायालयाने सॅक्स यांच्या लेखातली तीन बंधनं उद्धृत केली आणि इंग्लिश कॉमन लॉवर, म्हणजे निकालांतून घडत गेलेल्या कायद्यावर, आधारलेल्या आपल्या व्यवस्थेत हे तत्त्व आहेच, असं सांगितलं. इथे तुला स्वतःचं काही म्हणायला जागा आहे. 'सहसा मानलं जातं' म्हणून आलेली बंधनं भारतात जवळजवळ नियम म्हणून वापरली जातात. आणि गोव्यात कॉमन लॉचा पाया लागू होतो का, हा आपला खास प्रश्न. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा काळ होता आणि त्या संहितेत सार्वजनिक, सामायिक आणि खासगी वस्तूंचं वर्गीकरण होतं. गोव्याच्या वाळूवरचा लोकांचा हक्क इंग्लंडहून आणण्याची गरज नसावी, असं मला वाटतं. ही टीका माझी आहे, सॅक्स यांची नव्हे. पेपरमध्ये वापरलीस तर तुझी म्हणून नीट सिद्ध कर आणि संहितेचा मूळ मजकूर स्वतः पडताळून घे.

फोमेंतो रिसॉर्ट्स विरुद्ध मिंगेल मार्टिन्स, २००९, हा तर दोना पावलाजवळच्या वायंगिणीच्या किनाऱ्याचा वाद. हॉटेलच्या बांधकामाने लोकांची समुद्राकडे जाणारी वाट अडली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी करण्याच्या बाजूने कौल दिला आणि निकालात पब्लिक ट्रस्टचा आधार घेतला. सॅक्स यांच्या विचाराची कसोटी इथे लाव. कंपनीसाठी जमीन संपादन करताना लोकांची वाट राखण्याची अट करारात होती का, ती कुणी पाळली नाही आणि न्यायालयाने बंदी घातली की सरकारला आपलाच शब्द पाळायला लावला? माझं उत्तर शब्द पाळायला लावला याकडे झुकतं. निकाल वाचून तू तुझं ठरव.

याच्यासोबत २०१२ चा नैसर्गिक साधनांच्या वाटपावर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलेला संदर्भही ठेव. प्रत्येक साधनाचा लिलाव करणं हे घटनेचं बंधन नाही, असं पाच न्यायाधीशांनी तिथे सांगितलं. पब्लिक ट्रस्ट म्हणजे विक्रीला बंदी, असं मानणाऱ्यांना हे उत्तर आहे, आणि सॅक्स यांनी १९७० मध्येच दाखवलेल्या सावधगिरीशी ते जुळतं.

दुसरा भाग नव्याने लिहून आण. प्रत्येक वाक्याच्या समासात सॅक्ससाठी 'स', आधाराच्या निकालांसाठी 'आ', टीकेसाठी 'टी' किंवा स्वतःसाठी 'मी' लिही, म्हणजे ते कुणाचं ते दिसेल. ज्या वाक्याला अक्षर लावता येणार नाही ते काढून टाक. शनिवारी मिरामारला लेक्चर संपल्यावर चेंबरमध्ये ये. गूल्डचा निकाल छापून ठेवतो, आपण तो बसून वाचू.