मंडपामागच्या माणसांचे आभार

सर्व सभासदांना आणि घरच्या मंडळींना सप्रेम नमस्कार,

गणपती गेले, मंडपाचे बांबूही परवा गेले आणि पार्किंगमध्ये गाड्या पुन्हा आपापल्या जागी लागल्या. सांगता समारंभाला मी आभार मानायला उभी राहिले आणि नेमकी पावसाची सर आली. यादी अर्धीच वाचून झाली. पण ती पुरी वाचली असती तरी त्यात बरीच नावं नव्हती, कारण यादी करताना आपल्याला आठवतात ती समोर दिसलेली माणसं. म्हणून हे पत्र नोटीस बोर्डावर लावतेय. नावांऐवजी विंग आणि नाती लिहिली आहेत, कोण ते सगळ्यांना कळेलच.

सजावट, आरत्या, स्पर्धा, ढोल आणि निवेदन करणाऱ्यांना टाळ्या मिळाल्या आहेत, त्या त्यांच्या हक्काच्या होत्या. पोरांनी देखावा एक नंबर केला. त्याहून मला आवडलं ते वेगळंच. ए विंगमध्ये बारावीची मुलगी आहे म्हणून पोरांनी रात्री उशिरापर्यंत परवानगी असलेल्या दिवशीसुद्धा दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद केला. कुणी सांगायला गेलं नव्हतं.

आता महाप्रसाद. खीर सगळ्यांनी दोन-दोनदा मागून घेतली, काहींनी डबेही भरून नेले (मला दिसलं बरं का). ती खीर आदल्या दिवशी दुपारीच सुरू झाली होती. खपली गहू ओलवून ए विंगच्या आक्कांच्या उखळात कांडले, पाखडले, कोंडा काढला आणि रात्रभर भिजत घातले. मिक्सरवर फिरवूया असं आमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, तर आक्कांनी नुसतं बघितलं. पहाटे चूल पेटली. गहू पुरता शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही, नाहीतर तो शिजायचा थांबतो. त्यामुळे किती वेळ लागेल हे घड्याळ बघून सांगता येत नाही, कुणीतरी पातेल्याशी उभं राहून दाणा दाबून बघावा लागतो. ते काम बी विंगच्या दोन्ही वहिनी आणि सी विंगच्या काकूंनी आळीपाळीनं केलं. मंडपात फोटो निघत होते तेव्हा या तिघी घामानं निथळत मागच्या शेडमध्ये होत्या. पंगती उठल्यावर त्या जेवायला बसल्या तर वांग्याची भाजी संपलेली. त्यांनी ते कुणाला सांगितलंही नाही, वाढप्यांकडून कळलं.

कपिलतीर्थ मार्केटमधून भाजी आणि शिंगोशी मार्केटमधून फुलं रोज उजाडायच्या आत आणणारे डी विंगचे दादा स्वतःची रिक्षा चालवतात. सकाळच्या शाळेच्या फेऱ्या सांभाळून त्यांनी हे केलं आणि पेट्रोलचे पैसे देऊ केले तर म्हणाले, "ते पेटीत टाका."

विजेचं काम बघितलेल्या अण्णांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. पहिल्या रात्री रोषणाई लावली की एमसीबी पडायचा. मंडपवाल्याच्या पोरानं सुचवलं की जास्त ताकदीचा एमसीबी टाकू, मग पडणार नाही. अण्णांचं उभं आयुष्य वीज खात्यात गेलंय. ते शांतपणे म्हणाले, "मग एमसीबी पडणार नाही, वायर जळेल." त्यांनी रोषणाई, स्पीकर आणि स्वयंपाकाच्या शेडची लाइन वेगवेगळी केली, अर्थिंग तपासलं, गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवून घेतला आणि जमिनीवरचे सगळे जोड उचलून बांबूला बांधले. रोज आरतीच्या आधी ते खाली येऊन ब्रेकरचं टेस्ट बटण दाबून बघायचे. भर पावसात, ओल्या फरशीवर, अनवाणी पोरं दिवसभर तिथं धावत होती. अण्णांच्या कामाचा एकही फोटो नाही. काही घडलंच नाही, तर फोटो कशाचा काढणार?

एका घरात यंदा सुतक होतं. ते मूर्तीसमोर आले नाहीत, आरतीलाही नाही. पण वर्गणीचा पूर्ण हिशेब त्याच घरातल्या मुलीनं लिहिला. मोबाइलवरून आलेली प्रत्येक रक्कम कुणाच्या फ्लॅटची हे जुळवून घेणं सोपं नव्हतं, कारण निम्म्या लोकांनी पैसे पाठवताना नुसतं 'गणपती' एवढंच लिहिलं होतं. पावत्यांसह हिशेब या पत्राशेजारी लावलाय. तो वाचा आणि त्यामागे बसलेल्या मुलीचीही आठवण ठेवा.

बी विंगच्या आज्जींनी अकरा दिवसांच्या वाती एकट्यानं वळून दिल्या. त्यांना जिना उतरवत नाही. शेवटच्या दिवशी पोरांनी खुर्चीसकट उचलून त्यांना खाली आणलं, तेव्हा त्यांना यंदाची मूर्ती पहिल्यांदा दिसली.

घरगुती गणपती गौरीबरोबर गेले त्या दिवशी आणि पुन्हा अनंत चतुर्दशीला, दोन्ही वेळा निर्माल्याची जबाबदारी ए विंगच्या सरांनी आणि त्यांच्या आठवीतल्या मुलानं घेतली. हारांतला दोरा, जरीचे तुकडे, थर्माकोलचे मणी हे सगळं हातानं वेगळं काढायचं म्हणजे किती किचकट काम! आपण आरती झाल्यावर घरी जाऊन चहा पीत होतो तेव्हा बापलेक पोती उलटी करून बसले होते. ती फुलं आता मागच्या बागेतल्या खड्ड्यात कुजतायत. इराणी खणीवर मूर्ती घेऊन गेलेल्यांमध्ये शेवटपर्यंत रांगेत थांबलेले चौघेच होते, बाकीचे "आलोच" म्हणून भेळ खायला गेले ते गेलेच. चौघांची नावं मला माहीत आहेत, भेळवाल्यांचीही.

वॉचमन मामा आणि झाडलोट करणाऱ्या मावशी पगारी आहेत, पण ड्यूटी संपल्यावर मंडपात जागणं आणि पंगतीनंतर तेलकट फरशी गरम पाण्यानं घासणं त्यांच्या पगारात येत नाही. नुसत्या शाल-नारळावर त्यांची बोळवण करायची नाही असं समितीनं ठरवलं. दोघांना जादा कामाचा मोबदला उत्सवाच्या शिल्लक रकमेतून दिलाय आणि तो हिशेबात वेगळा दाखवलाय. यावर कुणाचं म्हणणं असेल तर बैठकीत जरूर मांडा, मी उत्तर द्यायला तयार आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकली ती लिहूनच टाकते. स्वयंपाकाच्या शेडमध्ये दरवर्षी त्याच पाच-सहा बायका असतात आणि आपण "तुमच्या हाताला चव आहे" म्हणून त्यांना तिथंच ठेवतो. पुढच्या वर्षी कांदे चिरणं, भांडी मोजून घेणं, पातेली घासणं यासाठी विंगवार पाळ्या लावायच्या आहेत आणि त्यात पुरुषांची नावं आधी लिहायची आहेत. खीर मात्र आक्कांच्याच देखरेखीखाली होईल, तिथं मला हात घालायचा नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला गच्चीवर चहा आणि मिसळ आहे. पाऊस असला तर पार्किंगमध्ये. ज्यांच्याबद्दल वर लिहिलंय त्यांनी त्या दिवशी फक्त बसायचं आहे, वाढायचं काम माईकवर नावं आलेल्यांकडे. कुणी राहून गेलं असेल तर शनिवारपर्यंत मला फोन करा, किंवा दारावर चिठ्ठी सरकवा.

भाड्याच्या भांड्यांतला एक मोठा झारा आणि दोन झाकणं अजून सापडलेली नाहीत. डबे भरून नेलेल्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात एकदा बघावं.

आपली,
सचिव, उत्सव समिती
(सी विंग, तिसरा मजला)