बगळा छाप धुण्याची वडी : ब्रँड तपासणी अहवाल

प्रति : संचालक मंडळ
विषय : वेष्टन आणि बोधचिन्हाची डागडुजी करायची, की नाव-रूप सगळेच नव्याने करायचे

शिफारस

डागडुजी करावी. नाव, बगळा आणि निळे-पांढरे पट्टे तसेच ठेवावेत. धाकट्या संचालकांनी मांडलेला नवे नाव, नवे चिन्ह आणि नवा रंग हा प्रस्ताव मी नाकारत आहे. मात्र वेष्टन आज आहे तसे चालू ठेवावे, हेही मला मान्य नाही. "काही करू नका" म्हणणाऱ्यांनी त्यासाठी पुढचा भाग वाचावा.

आपल्याकडे आज किती बगळे आहेत?

गोदामातून आणि दुकानांतून उचललेल्या वड्या मी टेबलावर ओळीने मांडल्या. एकाच महिन्याच्या मालात तीन वेगळे बगळे सापडले. एक डावीकडे पाहतो, दुसरा उजवीकडे. तिसऱ्याच्या चोचीत मासा आहे. तो मासा कोणी आणि कधी घातला, हे छपाई विभागालाही सांगता आले नाही. मोठ्या वडीचा निळा आणि छोट्या वडीचा निळा शेजारी ठेवले, तर एक जांभळ्याकडे झुकलेला स्पष्ट दिसतो. कागदी वेष्टन जाऊन प्लॅस्टिकची फिल्म आली तेव्हा रंग पुन्हा जुळवायला हवा होता, तो जुळवला गेला नाही. निळ्याचा शाई-क्रमांक कुठेही लिहून ठेवलेला नाही. प्रत्येक छापखाना आधीच्या वेष्टनावरून नजरेने रंग लावत आला आहे.

1971 च्या पहिल्या वेष्टनावर (एकच नमुना शिल्लक आहे, तो चौकटीत घालून कार्यालयात लावला आहे) बगळा 'बगळा' या अक्षरांच्या शिरोरेषेवर उभा आहे. शिरोरेषा म्हणजेच पाण्याची पातळी. ज्याने कोणी ते काढले, त्याला अक्षर कळत होते. पुढे संगणकावर नाव टाकताना हाताने काढलेली अक्षरे गेली, तयार टंक आला, शिरोरेषा बारीक झाली आणि बगळा वर एका गोलात जाऊन अधांतरी बसला. त्या गोलाभोवती 'विश्वासाची परंपरा' असे लिहिले आहे. चाचणीत हे शब्द एकालाही आठवले नाहीत.

आपले रूप जुने झाले, ही तक्रार म्हणूनच मला अर्धवट वाटते. ते जुने आहेच, पण खरा दोष विस्कळीतपणाचा आहे. एकाच मालाच्या तीन तोंडांमुळे वडी नकली वाटते, आणि काही ग्राहकांनी तसे बोलूनही दाखवले.

लोक काय ओळखतात?

जुन्या सहा जिल्ह्यांतल्या 180 ग्राहकांना नाव झाकून वेष्टनाचे एकेक अंग वेगळे दाखवले आणि एवढेच विचारले : "ही कुठली वडी?" आपले नाव किती जणांनी घेतले, याच्याइतकेच दुसऱ्याचे किती जणांनी घेतले, हेही नोंदवले. ओळख मोठी आहे का आणि ती फक्त आपलीच आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

नुसता बगळा 131 जणांनी बरोबर ओळखला आणि दुसऱ्या कुणाचे नाव जवळजवळ आलेच नाही. नुसते पट्टे 122 जणांनी ओळखले. पण 37 जणांनी पट्टे पाहून आपली नक्कल करणाऱ्या, बदकाचे चित्र असलेल्या दुसऱ्या वडीचे नाव घेतले. साध्या टंकात लिहिलेले पूर्ण नाव 96 जणांना आपले वाटले, म्हणजे चित्रापेक्षा बरेच कमी. यात नवल नाही. दुकानात कान देऊन ऐकले तर गिऱ्हाईक "बगळा द्या" किंवा "पक्षी वडी" म्हणते, आपले छापील नाव कुणी उच्चारत नाही.

वासाचा निकाल संचालकांना आवडणार नाही. सिट्रोनेलाचा तो वास जवळपास प्रत्येकाला परिचित वाटला, पण तो आपलाच आहे असे ठामपणे सांगणारे थोडे होते. कपडे धुण्याच्या अनेक साबणांना तोच वास असतो. वास बदलू नये, पण तो आपली ओळख आहे असे समजून त्यावर जाहिरातही बेतू नये.

विक्री का घटते आहे?

रूप बदलण्याचा आग्रह सलग तीन वर्षे घटलेल्या विक्रीतून आला आहे. म्हणून वडी घेणे सोडलेल्या 60 घरांना कारण विचारले. 34 घरांनी धुण्याचे यंत्र घेतल्याचे सांगितले. 14 जणांना नेहमीच्या दुकानात माल मिळेनासा झाला होता. सात जण दुसऱ्या वडीच्या सवलतीमुळे गेले. "जुनाट दिसते" किंवा तत्सम कारण पाच जणांनी दिले.

हा नमुना लहान आहे, पण कल इतका उघड आहे की मोठ्या पाहणीने तो उलटेल असे मला वाटत नाही. नवे नाव घेतल्याने वडी यंत्रात घालता येणार नाही. यंत्र घेतलेल्या घरांतही कॉलर आणि बाह्या घासायला अनेक जण आजही वडीच वापरतात. आधी महिन्याला चार लागत, आता एक लागते. ग्राहक तुटलेला नाही, त्याचा वापर आटला आहे. 14 घरांचा प्रश्न तर निव्वळ वितरणाचा आहे. त्यावर वितरकांच्या बैठकीत बोलावे, चित्रकाराशी बोलून तो सुटणार नाही.

बदकाचा प्रश्न

पूर्ण बदलाच्या विरोधातले माझे सर्वांत मोठे कारण हेच आहे. नकलेला कंटाळून "आपणच वेगळे दिसू या" असे बैठकीत म्हटले गेले. पण आपण पट्टे सोडले की ते रिकामे राहणार नाहीत. गिऱ्हाईक दुकानात येईल, निळे-पांढरे पट्टे आणि पाणपक्षी शोधेल, आणि त्याला बदक सापडेल. ती नक्कल त्या दिवसापासून 'जुनी, खरी वडी' होईल आणि आपण नवखे ठरू. इतक्या वर्षांची पुण्याई दुसऱ्याच्या पदरात घालायचा याहून सोपा मार्ग नाही.

कायद्याची बाजूही इथेच येते. औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस कराराच्या कलम 5 नुसार, नोंदणी झालेले चिन्ह थोड्या फरकाने वापरले आणि त्याचे वेगळेपण बदलले नाही, तर तेवढ्यावरून नोंदणी बाद होत नाही. डागडुजीला हे संरक्षण मिळते. उलट चिन्ह वापरणेच थांबवले, तर न वापरल्याच्या कारणाने नोंदणी रद्द होऊ शकते. बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम 19 प्रमाणे सलग किमान तीन वर्षे वापर नसल्यावरच ती वेळ येते, काही देशांत ही मुदत पाच वर्षांची आहे. बगळा टाकून दिला तर काही वर्षांनी बदकवाला तोच मागायला उभा राहील. आज तिन्ही बगळ्यांपैकी नोंदणीशी जुळणारा फक्त डावीकडे पाहणारा आहे. माशाचा बगळा लगेच बंद करावा आणि बदकावरची कारवाई वकिलांनी वेगळी चालवावी.

ओळखीच्या खुणा काढल्यावर काय होते याचे गाजलेले उदाहरण ट्रॉपिकाना या फळरसाचे. 2009 मध्ये खोक्यावरचे स्ट्रॉ खोचलेले संत्रे काढून रसाच्या पेल्याचे नवे चित्र आणले. आतला रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुने खोके परत आणले. त्यांच्याकडे ते पेलण्याची ताकद होती. आपल्याकडे दोन महिन्यांचीही उसंत नाही.

धाकट्या संचालकांचे म्हणणे कुठे बरोबर आहे

तीन ठिकाणी आहे. नव्या चार जिल्ह्यांत आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे सांभाळण्यासारखी पुण्याई नाही. फोनच्या पडद्यावर नखाएवढ्या चित्रात गोलातला बगळा नुसता ठिपका दिसतो. आणि तरुण ग्राहक वडीला 'आजीच्या घरातली' म्हणतात, कौतुकाने आणि नाइलाजाने, दोन्ही सुरांत.

पहिल्या मुद्द्यावर माझे उत्तर असे की तिथे नवे नावही तितकेच अनोळखी असेल, आणि एकाच मालाची दोन नावे सांभाळण्याचा खर्च वर येईल. दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. 1971 चा, शिरोरेषेवर उभा असलेला बगळा त्याच आकारात लहान करून पाहिला, तो स्वच्छ वाचता येतो. तिसऱ्याचे उत्तर वेष्टनात नाही, द्रवरूप साबणात आहे. पण वडी विरघळवून द्रव होत नाही. जड पाण्यात साध्या साबणाचा साका धरतो आणि यंत्राला कमी फेसाचे वेगळे मिश्रण लागते. ते मिश्रण आधी तयार व्हावे. त्यावर बगळा असावा का, हे त्यानंतर ठरवावे. माझा कल 'असावा' असा आहे, फक्त 'वडी' हा शब्द नसावा.

डागडुजीत काय करावे

बगळा एकच, डावीकडे पाहणारा, पुन्हा शिरोरेषेवर. मूळ हस्ताक्षरावरून अक्षरे नव्याने रेखाटून घ्यावीत, तयार टंक नको. गोल आणि घोषवाक्य काढावे. पट्ट्यांची संख्या आणि रुंदी ठरवून द्यावी. निळ्याचा शाई-क्रमांक फिल्म आणि खोका दोन्हींसाठी लेखी असावा, आणि मंजूर नमुना प्रत्येक छापखान्यात सहीनिशी ठेवावा. वजन, घटक इत्यादी कायदेशीर मजकूर मागच्या बाजूला एका चौकटीत घ्यावा.

ग्रॅव्हूर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा कोरावा लागतो. त्यामुळे एकदा कोरल्यावर "जरा बगळा मोठा करा" म्हणणे महागात पडते. कोरण्याआधी नव्या वेष्टनाच्या हाताने बनवलेल्या नमुन्यांची मांडणीवर चाचणी घ्यावी : नेहमीच्या ग्राहकाला इतर वड्यांच्या गर्दीत आपली वडी शोधायला सांगायचे आणि वेळ मोजायची. नवे वेष्टन जुन्यापेक्षा उशिरा सापडले, तर काम तिथेच थांबवावे, मग ते कितीही देखणे असो.

जुन्या फिल्मचा साठा सुमारे चार महिने पुरेल. तो संपवूनच बदल करावा, पण एका जिल्ह्यात एकाच वेळी, म्हणजे एका दुकानात दोन रूपे शेजारी येणार नाहीत. "नवे रूप, तोच माल" अशी पट्टी वेष्टनावर टाकू नये. बदल ग्राहकाच्या लक्षात आला नाही तर उत्तमच.

मंडळाकडून हवे असलेले निर्णय

छोट्या वडीच्या फिल्मची पुढची मागणी छापखान्याकडे जाण्याच्या बेतात आहे आणि तीवर माशाचा बगळा आहे. ती या आठवड्यात रोखावी. डागडुजीला मंजुरी द्यावी आणि रंग-रेखाटनावर अंतिम सही करणारी एकच व्यक्ती नेमावी. समिती नको, तीन बगळे समितीतूनच आले आहेत.