भाऊंचा ठेला दारी हजर

(भोंग्यावर लावायचं पूर्ण गाणं. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर आणि सुदामानगर, इंदूर. सकाळची फेरी.)

ध्रुवपद

घ्या हो मेथी, घ्या हो मुळा,
दारी आला हिरवा मळा!
घ्या हो दुधी, घ्या भोपळा,
हात करा हो मोकळा!
घ्या काकडी, घ्या हो गाजर,
भाऊंचा ठेला दारी हजर!

(बोलून)
काकू, मावशी, वहिनी, आजी, सगळ्यांना नमस्कार! पहाटे चोइथराम मंडीतून उचललेला माल आहे, रात्रीचा शिळा एकही नग नाही. हाताळून बघा, वास घ्या, मोडून बघा. घाई करू नका, सगळ्यांचं होईपर्यंत ठेला इथंच उभा आहे. फक्त पिशवी घरून आणा, पन्नी मिळणार नाही.

पहिलं कडवं: रोजच्या भाज्या

टोक वाकवा, मोडा शेंडी,
कट् वाजली तरच भेंडी!
वाकून राहिली, तुटेना जर,
ठेवा परत ठेल्यावर.

वार असो तो कुठला वार,
शिरा निघेना अशी गवार!
ओवा घाला चिमूटभर,
गुळाचा खडा त्याच्यावर.

साऱ्या घराचा होईल लाडका,
सालीसकट घ्या हो दोडका!
शिरा काढाल, फेकू नका,
चटणी वाटायला चुकू नका.
तव्यावर तीळ, सुकं खोबरं,
भाकरीसंगे लागतं बरं!

रात्री भाजी हवी हलकी?
पटकन शिजते कोवळी गिलकी!
पाऊस पडला, भजी तळा,
गिलकीचे काप पिठात घोळा.

मुलांनी कडू म्हणून नाकारलं,
चिंच-गुळात शिजवा कारलं!
चिरून मीठ चोळा जरा,
पाणी पिळून फोडणी करा.

लांब लांब अन् बारीक वळ,
डाळ भिजवा, घ्या पडवळ!

आजी चाखून खूण सांगी,
भरताला हलकी घ्यावी वांगी!
भरली करायची? देठ काटेरी,
छोटी जांभळी चार-चार न्यारी.

(बोलून)
भरताचं वांगं हातात घेऊन तोला. दिसायला मोठं, पण वजनाला हलकं, तेच घ्या, त्यात बी कमी असतं. जड निघालं तर मला परत द्या, दुसरं काढून देतो.

दुसरं कडवं: पालेभाजी

पाण्यात तीनदा, बसू दे रेती,
मगच चिरा हो कोवळी मेथी!

आजोबा, नातू, घराचा मालक,
सर्वांना चालतो ताजा पालक!

देठ लाल अन् पान ताठ,
लसणाची फोडणी, घ्या हो माठ!

मूगडाळीसंगे लागतो खपू,
वास सुटला की ओळखा शेपू!

फतफतं करताना ढवळा हळू,
दाणे नि डाळ, हिरवं अळू!
चिंचेचा कोळ विसरू नका,
घशाला खाज येईल, बरं का!

ध्रुवपद

घ्या हो मेथी, घ्या हो मुळा,
दारी आला हिरवा मळा!

तिसरं कडवं: इंदुरी पोहे
(हे जरा जोरात, टाळी धरून. ही वेळ सगळ्यांच्या घरी पोह्यांची.)

स्वस्त-महाग, नसो वांधा,
पोह्यांवर हवा बारीक कांदा!

फोडणीमधला ठाऊक पत्ता?
तेलात तडतडे कढीपत्ता!

खलामधे ती चव हो घरची,
निमाडाकडची हिरवी मिरची!

वाफ निघाली, नको उशीर,
वरून पेरा कोथिंबीर!

साल पातळ, रसानं चिंब,
अर्धं पिळा कागदी लिंब!

शेव तुमची, जिरावण तुमचं,
हिरवं सगळं काम हो आमचं!

चहाला आधण उकळी आलं,
ठेचून टाका ताजं आलं!

(बोलून)
पोह्यांचं सगळं सामान एका जुडीत बांधून ठेवलंय. कांदा, मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू. एका घराला पुरेल एवढं. सकाळी शाळेची घाई असते, निवडत बसायला नको. ज्या घरी कांदा चालत नाही त्यांनी सांगा, त्याच्या जागी एक लिंबू जास्त देतो.

चौथं कडवं: माळव्याची माती

काळ्या मातीनं उचलला वाटा,
गोल गरगरीत घ्या बटाटा!
भाजी, पराठे, वडे नि काप,
उकडून खा अन् घ्या हो वाफ!

मंदसौरकडून ट्रकात बसून
भल्या पाकळीचा आला लसूण!
चोळा तळव्यात, साल उडेल,
सगळ्या गल्लीत वास सुटेल.

शेंग दाबली, दाणा सुटला,
तोंडात टाका हिरवा बटला!
सोलता सोलता अर्धा संपेल,
म्हणून थोडा जास्त लागेल.

दुधाळ दाणा, सुट्टा सुट्टा,
किसासाठी कोवळा भुट्टा!
किसून परता, दूध घाला,
खमंग वास घरभर झाला.

थंडी पडली, कढई काढू,
तेलात सोडू कापून गराडू!
कुरकुर बाहेर, आत मऊसर,
जिरावण भुरभुरा त्याच्यावर.

(बोलून)
गराडू सोलताना हाताला आधी तेल चोळा, नाहीतर खाज सुटते. पहिल्यांदा घेताय? सांगा, सोलून तुकडे करून देतो. सराफ्यात रात्री उभं राहून खाता तोच हा, पण घरच्या तेलात तळलेला. मुलांना गरम गरम द्या, मग बघा ताटलीत काही उरतं का!

पाचवं कडवं: काकूंशी बोलणं
(एक आवाज काकूंचा, एक भाऊंचा.)

काकू: भाऊ, पाहुणे पाच जण आले,
सांगा, जेवणात काय-काय चाले?

भाऊ: रांगेत बघा कशी मांडली,
मसालेभाताला घ्या तोंडली!

काकू: सार कशाचं करावं वाटतं?

भाऊ: टोमॅटो बघा, लाल रंग दाटतो,
आंबट-गोड हा पिकला टोमॅटो!

काकू: कोशिंबीर कोणती, सांगा नीट?

भाऊ: गाजर किसा, त्यात घाला बीट!
नाहीतर सरळ, थोडी वाकडी,
चाखून घ्या हो गोड काकडी!

काकू: कोबी की फ्लॉवर? पडते भूल!

भाऊ: घट्ट गड्डा ही कोबीची खूबी,
वजनानं भरतो कोवळा कोबी!
पांढरं घट्ट अन् भरदार फूल,
थंडीत फ्लॉवर, चढेल चूल!

काकू: आणि भाव हो? कमी करा ना!

भाऊ: मंडीच्या भावात थोडी मजुरी,
त्याहून जास्त नको शिदोरी.
ठेल्यावर पाटी, खडूनं लिहिला,
काकू-वहिनी, एकच भाव पहिला!

(बोलून)
पाटीवरचा भाव रोज सकाळी बदलतो, कारण मंडीत रोज बदलतो. कालच्या भावानं आज मागू नका, आणि मीही कालचा महाग भाव आज लावणार नाही. पावकिलो, अर्धा किलो, पाहिजे तेवढं तोलून देतो. एकट्या राहणाऱ्या आजींसाठी दोन वांगी, एक काकडी, चार भेंड्याही तोलतो. त्यांनी संकोच करू नये.

सहावं कडवं: सणवार

पंढरीनाथाची वाजे टाळी,
एकादशीला घ्या रताळी!
सुरण घ्या अन् बटाटा घ्या,
दाण्याचं कूट वर घाला ना!

कांदेनवमी, खा हो कांदा,
एकादशीपासून चार महिने वांधा!
चातुर्मासात ज्यांचं व्रत,
त्यांना कांदा नाही देत.
चंपाषष्ठीला पुन्हा मागा,
खंडोबाला हवा भरीत-रोडगा!

महालक्ष्मीचा मोठा सोहळा,
सोळा भाज्या, लाल भोपळा!
एका टोपलीत सोळाही देऊ,
मोजून घ्या, मग घरी नेऊ.

भोगीला मिसळा थोडा जरा
घाटे सोलून ओला हरभरा!
गाजर, वांगी, वाल नि बटला,
तिळाचा वास कढईत सुटला!
बाजरीची भाकरी, लोणी त्याच्यावर,
घरचे सगळे बसा ताटावर.

(बोलून)
ऋषिपंचमीच्या भाजीचा वाटा वेगळा ठेवतो. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही, म्हणून शेतकऱ्याच्या परसातली, हातानं लावलेली भाजी आदल्या संध्याकाळी सांगून मागवतो. अळू, भेंडी, माठ, पडवळ, लाल भोपळा, मक्याचं कणीस. ज्यांना हवं त्यांनी दोन दिवस आधी ठेल्यावर सांगा. उगीच कुठली तरी भाजी परसातली म्हणून देणं मला जमणार नाही. मिळाली तर देईन, नाही मिळाली तर तसं सांगेन.

उन्हाळ्यात जास्त घालतो फेरी,
पन्ह्याला घ्या हो आंबट कैरी!
लोणच्याची हवी? कडक घ्या,
दुपारच्या आधी सांगून जा.

सातवं कडवं: साली, देठं, पिशवी

सालं-देठं ती नका फेकू,
गल्ली आपली स्वच्छ राखू!
ओल्यात टाका शेंगेची साल,
सोलून झाले की हिरवे वाल!
सुक्यात नको कोबीचं पान,
हिरव्या डब्याला त्याचा मान!

देवगुराडियाला ओलं जातं,
तिथून गॅस बनून येतं!
दोडक्याच्या साली, कारल्याचं बी,
शहराच्या बस चालवती ती!

पिशवी कापडी आणा जुनी,
पन्नीत भाजी देत नाही कुणी!

(बोलून)
पिशवी विसरलात तर ठेल्यावर कापडी पिशव्या टांगलेल्या आहेत. आज घेऊन जा, उद्या धुऊन परत आणा. एवढ्या वर्षांत इंदूरनं जे कमावलंय ते आपल्या गल्लीतल्या कोबीच्या पानानं जाऊ द्यायचं नाही. ठेला पुढं सरकला की मागं रस्त्यावर एकही देठ पडलेलं दिसणार नाही, माझी स्वतःची टोपली ठेल्याखालीच बांधलेली आहे.

आठवं कडवं: हिशोब

पाव, अर्धा नि किलोभर,
काटा दिसेल समोर!
सुट्टे नाहीत? नको घोर,
स्कॅन करा हो ठेल्यावर!
मोबाइल नाही? बिघडेल काय,
उद्याच्या फेरीला पैसे, माय!

भाजी घेतली दोन-तीन जुडी,
वर कोथिंबीर, मिरच्यांची जोडी!
मागायला नको, आपण घालू,
हिशोब झाला की पुढं चालू!

(बोलून, ठेला हलताना)
लोकमान्यनगरच्या काकूंना अंबाडी हवी होती, ती बाजूला काढून ठेवली आहे. सुदामानगरच्या आजींच्या दोन काकड्या नि एक लिंबू, तेही ठेवलंय. चला, मेथीच्या जुड्या थोड्याच उरल्यात, बटला भरपूर आहे. पुढच्या गल्लीत येतोय, फाटक उघडा हो!