मुलाखतीत काय विचारायचं नाही

नमस्कार मंडळी. सोमवारी असेंब्ली लाइनच्या सुपरवायझरसाठी मुलाखती आहेत. तुमच्यापैकी सहा जण पहिल्यांदाच विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसणार आहेत, म्हणून ही पंधरा मिनिटं.

सुरुवात आपल्या सवयीपासून करते. "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?" समोरच्याचं दडपण जावं म्हणून आपण विचारतो. पण त्याला बरोबर कळतं, की आता जात शोधली जातेय. "घरी नॉनव्हेज चालतं का?" हाही तोच प्रश्न. गाव, आडनाव, आहार, देवधर्म यातलं काहीही विचारायचं नाही. गप्पांच्या ओघातही नाही. दडपण घालवायचं असेल तर पाणी द्या, आपल्या लाइनवर काय बनतं ते सांगा.

आता बायकांना विचारले जाणारे प्रश्न. लग्न झालंय का, मिस्टर काय करतात, मूल कधी, सासरचे सेकंड शिफ्टला पाठवतील का. मला स्वतःला एका मुलाखतीत विचारलं होतं, "लग्नानंतर नोकरी सोडणार नाही ना?" माझ्यानंतर आत गेलेल्या मुलाला हे कुणी विचारलं नाही. तो सल अजून आहे. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती, २०१९च्या वेतन संहितेतही ती आहे. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये बायकांना पाळी आणि गरोदरपणाबद्दल विचारलेलं असे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रकानेच काढायला लावले.

शिफ्टचं विचारावं लागतंच. मग असं विचारा: "दर दोन आठवड्यांनी दुपारची शिफ्ट येते, दोन ते दहा. जमेल का?" बाईला आणि पुरुषाला, एकाच शब्दांत. घरचं कसं जमवायचं ते त्यांचं ते बघतील.

उमेदवार अपंग असेल तर "हे कशामुळे झालं?" हा प्रश्न नको. काम समजावून सांगा आणि विचारा, "हे करताना काही सोय लागेल का?" २०१६च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे समान संधी धोरण खासगी कंपनीलाही लागतं, आपलं गेटजवळच्या नोटीस बोर्डावर आहे, सोमवारच्या आत वाचा. एचआयव्हीबद्दल विचारणं किंवा तपासणीची अट घालणं नाही, २०१७चा कायदा आहे. उमेदवार ट्रान्सजेंडर असेल तर कामाखेरीज एकही प्रश्न नाही, तिथे २०१९चा कायदा आहे.

काही जण स्वतःहूनच सांगतात. "मॅडम, मला लहान बाळ आहे." ऐकून घ्या, पुढच्या प्रश्नाकडे वळा. शेऱ्याच्या रकान्यात 'लहान मूल' असं लिहायचं नाही. मागच्या फेरीतल्या दोन फॉर्मवर मला तसं दिसलं आणि फार वाईट वाटलं, कारण दोघीही कामाला चोख होत्या.

प्रश्नांचा कागद प्रत्येकाला देतेय. सगळ्या उमेदवारांना त्याच क्रमाने विचारा. अडलात तर मी शेजारच्या केबिनमध्येच आहे.