ए-४ पत्रक, १०,००० प्रती : जॉब कॉस्टिंग

छपाई: आपल्याकडे, वागळे इस्टेट. पार्टी: कोपरखैरण्याचा क्लास. १३० जीएसएम आर्ट पेपर, दोन्ही बाजू चार रंग.

दादा, पार्टीला फोन करण्याआधी हे बघून घे.

कागद: २५×३६ अर्धा कापून १८×२५, एका शीटवर चार पत्रकं. निव्वळ २,५०० शीट, मेकरेडीला १५०, चालू छपाईत तीन टक्क्यांनी ७५. एकूण २,७२५. वजन १०३ किलो, ₹९० दरानं ₹९,२७०.

मेकरेडीच्या १५० वर तू बोट ठेवशील, म्हणून सांगतो. रंग चढेपर्यंत रद्दीच लावतो, तरी पहिल्या बाजूचं रजिस्टर जुळेपर्यंत १०० जातात. उरलेल्या ५० मागच्या बाजूच्या. पावसात आर्ट पेपर वाळायला वेळ लागतो. मध्ये दुसरा जॉब चढतो आणि प्लेटी पुन्हा बसवाव्या लागतात. मागच्या बाजूला बिघडलेल्या शीटमध्ये पुढच्या बाजूची शाई आणि मशीनही गेलेलं असतं. गेल्या जुलैत मी घाईनं चार तासांतच पलटी मारली. ओला लाल रंग इंप्रेशन सिलिंडरवर उठला, तिथून पुढच्या शीटांवर गेला, आणि तीनेकशे शीट फेकल्या. त्या ५० ला हात लावू नकोस.

प्लेटी: सेल्फ बॅक लावतोय, म्हणजे पुढची-मागची बाजू एकाच सेटवर. चार प्लेटी, ₹२५० प्रमाणे ₹१,०००. फ्रंट-बॅक वेगळं केलं असतं तर आठ लागल्या असत्या.

शाई: धुण्यात जाते ती धरून २ किलो, ₹९००.

मशीन: मेकरेडी ४५ मिनिटं, प्लेटी पुन्हा बसवणं २०, धुणं १५, तासाला ६,००० च्या वेगानं छपाई जवळपास ५०. एकूण १३० मिनिटं, तासाचे ₹२,४००, म्हणजे ₹५,२००.

कटिंग-पॅकिंग ₹६५०, टेम्पो ₹८००.

एकूण खर्च ₹१७,८२०. त्यावर २० टक्के धरून ₹२१,३८४. हजारी ₹२,१३८, जीएसटी वेगळा.

आता खरा मुद्दा. पार्टी म्हणतेय, "आधी पाच हजारच द्या, पण दर दहा हजारांचाच लावा." तसं करू नकोस. प्लेटी, मेकरेडीचा कागद, मशीनची ती ८० मिनिटं, टेम्पो मिळून सुमारे ₹५,५०० होतात, आणि ते पाच हजारांनाही तेवढेच लागतात. पाच हजारांचा आपला खर्चच ₹११,६६५ आहे. त्यांच्या दरानं हातात ₹१०,६९० येतील, म्हणजे घरातले हजार घालून छापायचं. पाच हजारांना हजारी ₹२,८०० सांग. वीस हजार घेतले तर ₹१,८१० पर्यंत खाली येऊ शकतो, हेही त्यांना सांग, त्यांना जूनचे प्रवेश आणि दिवाळीनंतरची बॅच एकदम छापून ठेवता येईल.

कागदाचा दर आजचा आहे. ऑर्डर शनिवारपर्यंत पक्की झाली तरच धर.